मुलींची व्हॉलीबॉल टीम राज्यस्पर्धेला पाठवायचीय, आवाहन टाकलं पण पैसे जमत नाहीत

प्रश्न: मॅडम, आमच्या गावच्या शाळेची १७ वर्षांखालील मुलींची टीम विभागीय स्पर्धा जिंकली, आता राज्यस्पर्धा आहे, ११ दिवस उरलेत. गावाच्या तीन-चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टीमच्या फोटोसकट आवाहन टाकलं, "सढळ हाताने मदत करा" म्हणून, खाली आमच्या कोच सरांचा गुगल पे नंबर दिला. पाच दिवसांत ४,२०० रुपये आले. अभिनंदनाचे मेसेज मात्र शंभरावर आले. आवाहन चुकलंय का? परत कसं लिहू?

उत्तर:

आवाहन चुकलंय, पण शब्दांत नाही चुकलेलं. मी आधी क्रीडाशिक्षिका म्हणून आणि आता नुसती गावातली खटपटी बाई म्हणून हे काम बरीच वर्षं करतेय, आणि पहिल्या वेळी मीही अगदी हेच केलं होतं. फोटो, अभिनंदन, सढळ हात, नंबर. लोक अंगठा दाखवतात आणि पुढे जातात. ते कंजूष असतात म्हणून नाही, त्यांना कळतच नाही की नक्की किती कमी पडतंय आणि त्यांच्या पाचशे रुपयांनी काय होणार. मनात येतं की सरपंच देतील, आमदार देतील, शाळा देईल, आपल्या पाचशेने काय होतंय. आकडा नसलेलं आवाहन म्हणजे नुसती बातमी असते, आणि बातमीला लोक अभिनंदनच करणार ना.

तर आधी आवाहन बाजूला ठेवा आणि परिपत्रक काढा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून शाळेला स्पर्धेचं पत्र आलेलं असतं, ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून असतं आणि तारीख आणि ठिकाण सोडून त्यातलं कुणी काही वाचलेलं नसतं. त्यात बघायचं ते एवढंच, की राहायची सोय यजमान करणार का, जेवण कुणाचं, हजर कधी व्हायचं आणि सोबत किती जण चालतात. संदिग्ध वाटलं तर कार्यालयात फोन करून विचारा, लाजू नका. एका वर्षी आमच्या शेजारच्या गावाने राहण्याचे म्हणून लोकांकडून पैसे गोळा केले आणि तिथे गेल्यावर कळलं की वसतिगृह फुकट होतं. पैसे कुणी खाल्ले नव्हते, पण पुढची दोन वर्षं त्या टीमला गावात कुणी रुपया दिला नाही.

मग हिशोब. इथे मी आमचा एका वर्षीचा सगळा खर्च मांडते म्हणजे कळेल, कारण तुमचंही साधारण असंच असणार. आम्ही सांगली जिल्ह्यातले, स्पर्धा अमरावतीला. १२ मुली, एक कोच, एक बाई शिक्षिका, म्हणजे १४ जण. (मुलींच्या टीमबरोबर बाई माणूस हवंच, ते पत्रात लिहिलेलं असो नसो, नाहीतर पालक ऐनवेळी मागे सरतात आणि त्यांचं चूक नसतं.) महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरजेवरून बडनेऱ्यापर्यंत थेट जाते आणि बडनेऱ्याहून अमरावती जवळच, म्हणून स्लीपरने जायचं ठरलं. माणशी एका बाजूचे ५०० धरले, जाऊन येऊन १४,०००. गाव ते मिरज आणि बडनेरा ते मैदान, दोन्ही वेळच्या गाड्या मिळून ४,०००. राहायची सोय यजमानांची होती, जेवण आपलं, प्रवास धरून ५ दिवस, माणशी दिवसाला २००, तेही १४,०००. नवी जर्सी ४५० प्रमाणे बारा, ५,४००. नीपॅड २५० चे बारा जोड, ३,०००. पाच मुलींकडे धड बूट नव्हते, ९०० प्रमाणे ४,५००. सरावाचे दोन बॉल २,२००. औषधं, क्रेप बँडेज, ओआरएस, सॅनिटरी पॅड, १,५००. याची बेरीज ४८,६०० आणि वर अडीअडचणीला ५,५००. एकूण ५४,१००.

जर्सीवर थोडं थांबते कारण तिथे पैसे दोनदा जातात. नंबर छातीवर आणि पाठीवर दोन्हीकडे लागतो, नुसता पाठीवर छापून आणला की तिथे जाऊन स्टिकर चिकटवत बसायचं. आणि लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या फळीत बचाव करणारी मुलगी, खेळवणार असाल तर तिचा रंग बाकीच्यांपेक्षा ठळक वेगळा पाहिजे. आमच्या छापणाऱ्याने एकदा सगळ्या बाराच्या बारा एकाच रंगाच्या दिल्या आणि लिबेरोसाठी परगावात रात्री आठ वाजता टीशर्ट शोधत फिरलो. दुकानाचं नाव जर्सीवर चालेल की नाही ते आयोजकांना आधी विचारा. आम्ही तो वादच नको म्हणून जर्सीवर फक्त गावाचं नाव ठेवलं आणि देणाऱ्याचं नाव प्रवासातल्या टीशर्टवर घातलं, तो माणूस उलट जास्त खूश झाला, कारण टीशर्ट मुली नंतर वर्षभर गावात घालून फिरत होत्या.

आता खरी गोष्ट. हे ५४,१०० एकदम लोकांपुढे ठेवायचे नाहीत. आधी घरचं काय ते लावायचं. शाळेने ५,००० दिले, पालकांनी प्रत्येकी ५०० म्हणजे ६,०००. एका मुलीच्या घरी ते शक्य नव्हतं, तिचे कोचनी गुपचूप भरले आणि ते कुणालाच सांगितलं नाही, तिलाही नाही. हे ११,००० आम्ही मुद्दाम गाड्या, औषधं आणि अडीअडचण या तिन्हीला लावले, बरोब्बर बसले. कारण "इतर खर्च" नावाच्या ओळीला बाहेरचा माणूस पैसे देत नाही. त्याला तिथेच शंका येते. जे सांगायला अवघड ते घरच्या पैशातून करायचं, जे डोळ्यांना दिसतं ते लोकांकडे मागायचं.

त्यानंतर दोन मोठ्या गोष्टी गुपचूप, फोन करून, समोर बसून मिळवायच्या. आम्ही तिकिटांचे १४,००० शाळेच्या एका जुन्या दहावीच्या बॅचकडे मागितले, त्यांचा ग्रुप आहे, पुण्यात नोकऱ्या करणारी पोरं आहेत. आणि जर्सीचे ५,४०० एका कृषी सेवा केंद्रवाल्याकडे. ग्रुपमध्ये मेसेज टाकला नाही, बॅचमधल्या एकालाच फोन केला, जो सगळ्यांना दम देऊ शकतो असा एक प्रत्येक बॅचमध्ये असतोच. त्याला म्हटलं, "अरे, मुलींचं जायचं-यायचं तिकीट तुमच्या बॅचचं. चौदा हजार. परवापर्यंत होय की नाही सांग, नाही म्हणालास तर मला दुसरा दरवाजा बघायला लागेल." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे बरं का. "बघू, काहीतरी करू" या उत्तराने आपले दोन-तीन दिवस जातात आणि तुमच्याकडे अकराच आहेत. नाही म्हणणारा माणूस परवडतो, बघू म्हणणारा परवडत नाही. फोन संध्याकाळी साडेसात-आठनंतर करा, डेअरीला दूध घालून, हातपाय धुऊन माणूस निवांत बसलेला असतो तेव्हा.

या दोघांचे मिळून १९,४०० आले आणि मग आमच्या हातात ३०,४०० होते. उरले २३,७००. आता कुठे आवाहन लिहायला घेतलं. अर्ध्याहून जास्त जमलेलं काम बघून लोक हात लावतात, रिकाम्या ताटात पहिला रुपया टाकायला कुणालाच नको असतं. तुमचं आवाहन ४,२०० वर थांबलं त्याचं एक कारण हेही की जमले किती आणि लागतात किती हे दोन्ही त्यात नव्हतं.

आमचा मेसेज असा होता, जवळपास जसाच्या तसा देते:

"आपल्या शाळेच्या १७ वर्षांखालील मुली विभागात पहिल्या आल्या, आता राज्यस्पर्धेला अमरावतीला चालल्यात. राज्यात ८ विभाग, त्यात आपला विभाग म्हणजे या १२ मुली. सोबत २ शिक्षक, ५ दिवस.
एकूण खर्च ५४,१००. जमले ३०,४०० (शाळा, पालक, तिकिटं जुन्या बॅचकडून, जर्सी एका दुकानदाराकडून). राहिले २३,७००, ते असे:
एकीचं ५ दिवसांचं जेवण १,००० – असे १४ पाहिजेत
बुटांचा जोड ९०० – ५ पाहिजेत
नीपॅडचा जोड २५० – १२ पाहिजेत
बॉल १,१०० – २ पाहिजेत
तुम्ही काय घेताय ते मला मेसेज करा, मी नावावर टाकते. शुक्रवारी रात्री बंद करणार. पैसे शाळेच्या खात्यावर, स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव येईल, ते बघूनच पाठवा. पैसे उरले तर शाळेला नवीन नेट. हिशोब आल्यावर बिलांसकट याच ग्रुपवर."

एवढंच. महिलांचा सन्मान नाही, लेकी वाचवा नाही, गावाचं नाव उज्ज्वल नाही. ते सगळं खरं असेल पण त्याने मेसेज लांबतो आणि व्हॉट्सॲपवर "आणखी वाचा" च्या खाली आकडे गेले की संपलं, तिथे कुणी जात नाही. मुलींच्या गरिबीचं वर्णनही घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाचे वडील वारलेत, कुणाची आई मजुरीला जाते, हे लिहिलं की पैसे येतीलही चार जास्त, पण ती मुलगी त्याच ग्रुपवरच्या लोकांच्या पोरांबरोबर वर्गात बसते. जिंकून आलेल्या टीमला बिचारी का करायचं?

त्या मेसेजमध्ये प्रत्येक गोष्टीला आकडा आहे आणि नग आहे, यावरच सगळा खेळ आहे. "एकीचं जेवण मी घेतलं" असं माणूस घरी सांगू शकतो. पाचशे दिले हे कुणी घरी सांगत नाही. दोघी जावांनी मिळून एक बुटांचा जोड घेतला होता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पाचही बूट गेले, मला नवल वाटलं, पण बूट डोळ्यांसमोर येतो ना लगेच. जेवणाचे हळूहळू जात होते. नीपॅड मात्र पडून राहिले, सगळ्यात स्वस्त असूनसुद्धा दोन दिवसांत बारातले दोनच. मग लक्षात आलं की गावात निम्म्या लोकांना नीपॅड म्हणजे काय तेच माहीत नाही. आमचं मैदान मुरमाचं, बॉल उचलायला मुलगी पुढे झेपावली की गुडघा खरवडून निघतो. एका मुलीला विचारून तिच्या गुडघ्याचा फोटो काढला, फक्त गुडघा, चेहरा नाही काही नाही, जुनी खपली आणि त्यावर नवीन खरचटलेलं, त्यावर चिकटलेली लाल माती. खाली लिहिलं, "हे सरावाचं आहे. नीपॅड याच्यासाठी. २५० रुपये." संध्याकाळपर्यंत उरलेले दहाही गेले, आणि एक आजोबा काठी टेकत शाळेत येऊन अडीचशे रुपये रोख माझ्या हातात ठेवून गेले.

रोख देणारे बरेच असतात, ५१, १०१ देणारे पण असतात, त्यांना नाही म्हणू नका आणि त्यांच्याकडून जास्तीची अपेक्षाही ठेवू नका. आम्ही असे सुटे पैसे एकत्र करून त्यातून बॉल घेतले आणि यादीत लिहिलं, "एक बॉल – सात जण मिळून" आणि सातांची नावं. पावती प्रत्येकाला, दहा रुपये असले तरी. आणि यादीत कुणी किती दिले ते लिहायचं नाही, कुणी कशाला दिले ते लिहायचं, आलेत त्या क्रमाने. रकमेप्रमाणे यादी लावली की १०० देणारा शेवटी येतो आणि पुढच्या वेळी देत नाही.

रोज एकदा, एकाच ठरलेल्या वेळी, आम्ही रात्री नऊला टाकायचो: जेवण १४ पैकी ९, बूट झाले, नीपॅड १२ पैकी २, बॉल २ पैकी १. बाकी एक शब्द नाही. ही चार ओळींची यादी मूळ मेसेजपेक्षा जास्त काम करते. "फक्त पाच जेवणं राहिली" हे वाचून पाच जण उभे राहतात. पण दिवसातून चार वेळा टाकलं तर ग्रुप म्यूट करतील, तेही लक्षात ठेवा.

आता पैसे कुठे घ्यायचे. तुमचं दुसरं चुकलं ते इथे. कोच सर कितीही सज्जन असोत, त्यांच्या वैयक्तिक नंबरवर पैसे नकोत. माणूस क्यूआर स्कॅन करतो, स्क्रीनवर कुणा तरी एका माणसाचं नाव येतं, मेसेजमध्ये लिहिलेलं असतं शाळेची टीम, तिथे त्याचा अंगठा थांबतो. तो तुम्हाला विचारणार पण नाही, गप फोन खिशात टाकेल. आणि कोच सरांच्या घरात त्याच महिन्यात नवीन फ्रीज आला की मग गावात जे बोललं जाईल ते तुम्हीच ऐका. शिवाय कायद्याचाही भाग आहे. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या लोकांनी जनतेकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं, गणपती मंडळं दरवर्षी तात्पुरती परवानगी काढतात ती हीच. तुमच्याकडे अकरा दिवसांत ते करत बसायला वेळ नाही, म्हणून सरळ शाळेच्या नोंदणीकृत संस्थेच्या किंवा गावात नोंदणी असलेलं क्रीडा मंडळ असेल तर त्याच्या खात्यावर घ्या. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून कुठलं खातं वापरता येतं ते आधी ठरवा.

संस्थेच्या खात्याची एक अडचण आहे, पैसे आत पटकन जातात, बाहेर येताना दोन सह्या लागतात. आमचे सचिव नेमके त्या आठवड्यात मुलीकडे मुंबईला. गाडीवाल्याला द्यायचे पैसे खात्यात पडलेले आणि चेक काढता येईना. तेव्हापासून मी आवाहन टाकायच्या आधी सह्या करणाऱ्या दोघांना विचारून घेते, कुठल्या दिवशी गावात आहात.

कुणी आयकर सवलतीसाठी ८०जीची पावती मागेल, विशेषतः शहरातले नोकरीवाले. संस्थेकडे ते प्रमाणपत्र असेल तरच हो म्हणा, नसेल तर स्पष्ट नाही सांगा, वाईट वाटून घेऊ नका. असलं तरी २,००० च्या वरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही आणि नवीन करपद्धती घेतलेल्यांना तर मिळतच नाही, त्यामुळे तसे फार जण अडत नाहीत. आणि गावचा कुणी दुबई-बिबईला असेल तर भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले चालतात, पण तिथला त्याचा परदेशी मालक हौसेने देतो म्हणाला तर घेऊ नका, परदेशी देणगीचा कायदा वेगळा आहे आणि गावच्या शाळेला तो झेपत नाही.

ग्रामपंचायतीचं विचारतात सगळे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्यात तुमची मागणी बसवता येते का ते ग्रामसेवकांना भेटून विचारा. पण तिथे मासिक सभेत ठराव लागतो, बिल लागतं, आणि पैसे बिलावर मागाहून निघतात. म्हणून ग्रामपंचायतीकडे तिकिटाचे किंवा जेवणाचे पैसे मागू नका, ज्याचं दुकानाचं पक्कं बिल होतं अशी वस्तू मागा, बॉल, नेट असलं काहीतरी. आणि तो पैसा तुमच्या अकरा दिवसांच्या हिशोबात धरू नका, आला तर बोनस.

तसंच जाहीर झालेल्या पैशाचं. आमच्या सत्कारात एका पुढाऱ्याने माइकवर ११,००० जाहीर केले, टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला. आम्ही खुळ्यासारखे ते जमेला धरले आणि बॅचला सांगितलं की तुमचे अर्धेच पुरे. ते ११,००० आजतागायत आले नाहीत, आणि अर्ध्यावर सोडलेल्या बॅचला परत विचारताना तोंड वर करवेना. ती आमची पहिली वेळ होती. तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने असतात, "बोलले" आणि "आले", बेरीज फक्त दुसऱ्याची. आणि सत्कार स्पर्धेला जायच्या आधी ठेवतच नाही. आधी सत्कार झाला की गावाला वाटतं आपलं काम झालं.

फोटोबद्दलही बोलते कारण तुम्ही टीमचा टाकलाय. मुली अल्पवयीन आहेत. फोटो टाकायचा तर पालकांची लेखी संमती घ्या, खेळतानाचा किंवा लांबून काढलेला सांघिक घ्या, खाली नावं आणि कुठल्या तारखेला कुठल्या गाडीने जाणार हे लिहू नका. ग्रुपवरचा मेसेज कुठे कुठे फॉरवर्ड होतो ते आपल्या हातात नसतं. आमच्या एका मुलीला नंतर महिनाभर अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते, कारण कुणीतरी हौसेने कॅप्टनचा नंबर संपर्कासाठी म्हणून टाकला होता. संपर्क मोठ्या माणसाचाच द्या, त्यातही बाई असेल तर उत्तम.

तिकिटाचं आजच बघा, पैसे जमायची वाट बघू नका, कोणाकडून तरी हातउसने घ्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे अकरा दिवस आधी लांब पल्ल्याच्या गाडीला बहुतेक वेळा वेटिंगच असतं, आणि एका फॉर्मवर सहाच जण बसतात म्हणजे १४ जणांना तीन फॉर्म. आमचं येतानाचं कन्फर्म झालं, जातानाचं वेटिंग राहिलं. शेवटी तत्काळ काढलं. स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी ११ वाजता उघडतं आणि एका तिकिटावर चारच माणसं, म्हणजे चौदा जणांची चार तिकिटं, म्हणून दोन स्टेशनांच्या खिडक्यांवर पहाटेपासून आमचे चार पालक उभे. मिळाली. माणशी शंभर-दीडशे वाढले, सगळे मिळून १,९०० जास्त गेले, ते त्या ५,५०० मधून आले. ते बाजूला ठेवले नसते तर आदल्या दिवशी परत आवाहन टाकायची पाळी आली असती, आणि दुसरं आवाहन पहिल्याची अब्रू घालवतं. तुमची स्पर्धा जवळ असेल तर रेल्वेच्या नादी लागूच नका, एसटीच्या नेहमीच्या गाड्यांत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, १४ पैकी १३ जणींचं निम्म्यात होतं, पूर्ण तिकीट फक्त कोचचं. हे हिशोबात न धरता पूर्ण भाडं लिहिलं तर ग्रुपवरचा पहिला एसटी कंडक्टर तुम्हाला पकडेल.

तारीख पुढे ढकलली तर? होतं असं, पाऊस, निवडणुका, काहीही. त्याच दिवशी ग्रुपवर सांगा, पैसे खात्यात तसेच आहेत म्हणून लिहा, ज्याला परत हवे त्याला देऊ म्हणा. माझ्याकडे आजवर कुणी परत मागितले नाहीत, पण विचारलेलं सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

आता तुमच्या ४,२०० चं. ज्यांनी दिलेत त्यांना एकेकाला मेसेज करा, "तुमच्या पैशातून बूट घेतोय, यादीत नाव टाकते, चालेल ना?" ते कोच सरांच्या नंबरवरून एकरकमी शाळेच्या खात्यावर वळवा आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. जुना मेसेज डिलीट करायच्या भानगडीत पडू नका, संशय वाढतो. नव्या मेसेजच्या वर एकच ओळ लिहा, "मागच्या मेसेजमध्ये हिशोब द्यायचा राहिला, तो हा घ्या." आज आणि उद्या परिपत्रक, हिशोब आणि तिकीट, त्यानंतरचे दोन दिवस ते दोन मोठे फोन, आणि मगच हा मेसेज, तीन-चार दिवसांची मुदत घालून. जमायला पाहिजेत निघायच्या दोन दिवस आधी, कारण बूट घालून एकदा तरी सराव झाला पाहिजे. कोरे बूट घालून मुलगी थेट मॅचला उतरली की दुसऱ्या सेटला टाचेला फोड.

आमच्या मुली दुसऱ्याच मॅचला हरल्या, तिसरा सेट पंधराला गेला होता. परतीचं तिकीट दोन दिवसांनंतरचं होतं म्हणून बसून बाकीच्या मॅच बघितल्या. यजमानांनी दोन रात्रीचं जेवण दिलं त्यात २,२४० वाचले, एकीचा घोटा मुरगळला त्याच्या एक्स-रेला ६४० गेले, तत्काळचे जाऊन अडीअडचणीतले ३,६०० शिल्लक, म्हणजे हातात ५,२०० उरले. आल्यावर तिसऱ्या दिवशी सगळी बिलं शाळेच्या ओट्यावर पसरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली उरलेल्या पैशांचं लिहिलं. ३,९०० चं नेट आणि अँटेना आणले, १,३०० खात्यात ठेवले. नेट लावताना मुलींनीच टेपने मोजून २ मीटर २४ सेंटीमीटरवर बांधलं. तोवर आमचं जुनं नेट मध्ये झोळ पडून चांगलं अर्धा वीत खाली होतं आणि आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं.